ओवी फुकट, अर्थ मोलाचा : दासबोधावर निबंध लिहिताना खर्च नेमका कुठे येतो?

दासबोधातली ओवी निबंधात घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. त्याच ओवीखाली छापलेला आजच्या मराठीतला अर्थ मात्र कोणाच्या तरी मालकीचा असू शकतो. दोन्ही मजकूर एकाच पानावर असतात आणि पुस्तकाच्या सुरुवातीला ‘सर्व हक्क स्वाधीन’ एवढीच एक ओळ असते. त्यामुळे काही विद्यार्थी ओवी घ्यायलाही बिचकतात, तर काही जण ‘ग्रंथ जुनाच आहे’ असे म्हणून अर्थासकट सगळे उतरवून काढतात. या दोघांचाही हिशेब चुकतो.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न वारंवार पडण्याचे कारण उघड आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी झाला. त्यांच्यावर लिहिताना मूळ ग्रंथ साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, त्याची छापील आवृत्ती शंभर वर्षांपूर्वीची आणि त्यावरचे भाष्य अगदी अलीकडचे, असे सगळे एकाच वेळी टेबलावर येते. म्हणून हे मार्गदर्शन दासबोध समोर ठेवूनच केले आहे. ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा किंवा एकनाथी भागवत यांनाही हेच नियम लागू होतात.

एका पुस्तकात किती मालक?

बाजारात मिळणारा कोणताही ‘सार्थ’ दासबोध उघडा. त्यात निदान चार वेगवेगळ्या प्रकारचा मजकूर असतो.

पहिली मूळ संहिता. तिच्यावर आज कोणाचाही हक्क नाही. प्रकाशकाने पुस्तकावर © ही खूण छापली, तरी समर्थांच्या ओव्या त्याच्या होत नाहीत.

दुसरा संपादनाचा भाग. यात पाठभेदांच्या टिपा, शब्दकोश, सूची आणि संपादकाने दिलेले मथळे येतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात न्यायालयीन निकालपत्रांबाबत एक भेद केला. निकालाचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे. पण संपादकाने स्वतःचे कौशल्य आणि विवेक वापरून त्यात जी भर घातली, ती त्याची. जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्यांकडे बघतानाही हाच भेद उपयोगी पडतो. चार-सहा ओव्या घेणाऱ्याला काळजीचे कारण नाही. टिपांचा अख्खा संच उचलणाऱ्याला मात्र आहे.

तिसरा भाग म्हणजे अर्थ, अनुवाद किंवा गद्य रूपांतर. ही स्वतंत्र साहित्यकृती धरली जाते. मूळ ग्रंथ कितीही जुना असला, तरी अनुवादाचे संरक्षण अनुवादकाच्या आयुष्यावरून मोजतात.

चौथा भाग प्रस्तावना आणि विवेचनाचा. तो लेखकाचा असतो आणि कधीकधी प्रस्तावनाकार वेगळा असतो. एकाच पुस्तकातली प्रस्तावना खुली आणि अर्थ बंद, किंवा याच्या उलट, असेही होऊ शकते.

म्हणून ‘हे पुस्तक खुले आहे का?’ असे विचारून उपयोग नाही. या पानावरचा हा परिच्छेद कोणी लिहिला, हे आधी शोधायचे.

साठ वर्षे कशी मोजायची?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण असते. ही साठ वर्षे मृत्यूच्या तारखेपासून न मोजता पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. हिशेब सोपा आहे : मृत्यूच्या सालात ६१ मिळवा. जे साल येईल, त्याच्या १ जानेवारीला मजकूर खुला होतो.

शंकर श्रीकृष्ण देव यांचे उदाहरण घ्या. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे हे संस्थापक. डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी प्रत आधाराला घेऊन त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. देव १९५८ मध्ये वारले. म्हणजे १ जानेवारी २०१९ पासून त्यांची आवृत्ती संपादनासकट खुली झाली.

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे ल. रा. पांगारकर १९४१ मध्ये गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मृत्यूनंतर पन्नासच वर्षे संरक्षण होते आणि १९९१ अखेर ते संपायचे होते. पण रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच गेले होते. त्यांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क संपत आला, तेव्हा केंद्राने मुदत पन्नासाची साठ केली. त्या बदलाचा लाभ पांगारकरांच्या लेखनालाही झाला आणि ते १ जानेवारी २००२ ला खुले झाले. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘पन्नास वर्षे’ असे लिहिलेले आढळते, त्याचे कारण हेच. तो आकडा आता वापरू नये.

पुढची दोन नावे आजच्या अभ्यासकाला हटकून लागतात. न. र. फाटक १९७९ मध्ये वारले. त्यांचे रामदासांवरचे लेखन १ जानेवारी २०४० ला खुले होईल. सार्थ दासबोधासाठी घरोघरी ओळखले जाणारे के. वि. बेलसरे १९९८ मध्ये गेले. त्यांनी लिहिलेला अर्थ २०५९ उजाडेपर्यंत संरक्षित आहे.

हिशेब करताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला पुनर्मुद्रणाचा. ‘आवृत्ती दहावी, २०१५’ असे छापलेले असले म्हणून साठ वर्षे नव्याने सुरू होत नाहीत आणि पहिली आवृत्ती १९५३ ची आहे म्हणून पुस्तक खुलेही होत नाही. लेखक कधी वारला, एवढेच बघायचे. दुसरा घोटाळा दोन लेखकांच्या पुस्तकाचा. तिथे जो शेवटी वारला, त्याच्या मृत्यूपासून मोजतात. तिसरा सरकारी प्रकाशनाचा. सरकारच्या मालकीच्या कृतीला प्रकाशनानंतरची साठ वर्षे लागू होतात. मुंबई सरकारने १९५० मध्ये छापलेली तुकारामांची गाथा या नियमाने २०११ च्या आरंभी खुली झाली. मात्र एखाद्या सरकारी मंडळाने पुस्तक छापले म्हणून त्याचे हक्क सरकारचेच असतात असे नाही. ते लेखकाकडे राहिलेले असू शकतात. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर हक्क कोणाच्या नावे आहेत, ते वाचा.

संरक्षित भाष्यातून किती घेता येते?

‘तीनशे शब्दांपर्यंत चालते’, ‘दहा टक्के घ्यायला हरकत नाही’ असे आकडे स्टाफरूममध्ये ऐकू येतात. भारतीय कायद्यात उताऱ्याची अशी कोणतीही शब्दमर्यादा नाही. ५२ व्या कलमात संशोधनासह खासगी वापर आणि समीक्षा यांसाठी ‘रास्त वापरा’ची मुभा आहे. विद्यार्थ्याला शिकताना आणि परीक्षेतल्या उत्तरात मजकूर उद्धृत करण्याची वेगळी मुभाही त्याच कलमात आहे.

रास्त म्हणजे किती, हे ठरवताना केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन यांच्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या : तुमच्या लेखनाच्या मानाने किती आणि कोणता भाग घेतला, तो कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ पुस्तकाशी स्पर्धा होते का. निबंधापुरता याचा अर्थ असा. फाटकांचे चार ओळींचे मत देऊन तुम्ही त्यावर दोन परिच्छेद वाद घातला, तर तो रास्त वापर होतो. एका अख्ख्या समासाचा बेलसऱ्यांचा अर्थ दिला आणि शेवटी ‘यावरून समर्थांची थोरवी कळते’ एवढेच लिहिले, तर समीक्षा झाली नाही, नुसती नक्कल झाली. वाचकाला मूळ पुस्तक घ्यायचे कारणच उरत नसेल, तर मर्यादा ओलांडली असे समजा.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, विचारावर नसतो. फाटकांचा निष्कर्ष तुमच्या भाषेत मांडायला परवानगी कधीच लागत नाही. पण निष्कर्ष त्यांचा आहे, हे सांगावेच लागते.

एक निबंध, पाच स्रोत : पूर्ण हिशेब

समजा, घनसावंगीची एक विद्यार्थिनी एम. ए. मराठीसाठी तीन हजार शब्दांचा निबंध लिहिते आहे. विषय आहे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियेचा. पोथी कशी लिहावी याची बारीक सूचना समर्थांनी यात केली आहे. अक्षर कसे असावे, पानाभोवती जागा किती सोडावी, ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा कसा दिसावा, असे सगळे त्यात येते. या निबंधासाठी तिला पाच गोष्टी लागतात.

पहिली मूळ समास. देवांची आवृत्ती खुली असल्याने तिला सगळा समास उतरवता येईल, परिशिष्ट म्हणूनही जोडता येईल. परवानगी नको, शुल्क नाही. जुन्या छापील प्रतींची छायाचित्रित पाने archive.org वर मिळतात आणि मराठी विकिस्रोतावरही जुने ग्रंथ वाचता येतात. खर्च फक्त डेटाचा. मात्र संकेतस्थळावर कोणीतरी टंकलेला आणि आवृत्तीचे नाव नसलेला पाठ उचलू नये. त्यात ऱ्हस्व-दीर्घ बदललेले असतात, अनुस्वार गाळलेले असतात आणि कधी ओवीचा क्रमांक एकाने पुढे-मागे झालेला असतो. उतरवलेल्या ओव्या छापील पानाशी ताडून पाहायला तासभर द्यावा लागेल. मूळ ग्रंथाची खरी किंमत हा तास आहे.

दुसरा बेलसऱ्यांचा अर्थ. समासातले काही जुने शब्द तिला लागत नाहीत, म्हणून ती अर्थ वाचते. वाचायला काहीच द्यावे लागत नाही. एका अवघड ओवीचा अर्थ त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकासह देऊन ‘इथे अर्थ असाही लावता येतो’ असे ती लिहू शकते. बाकीच्या ओव्यांचा अर्थ तिने स्वतः लिहायचा. बेलसऱ्यांच्या वाक्यातले चार शब्द बदलून ते आपले म्हणून द्यायचे नाही. शुल्क शून्य, पण दोन संध्याकाळी मोडतील.

तिसरा पांगारकरांचा मराठी वाङ्मयाचा इतिहास. तो खुला आहे, त्यामुळे परिच्छेदच्या परिच्छेद घेतला तरी कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती निबंधाची. तपासणारे प्राध्यापक विद्यार्थिनीचे म्हणणे शोधत असतात. शिवाय ‘खुले आहे’ म्हणून नाव न देता घेतले, तर ते वाङ्मयचौर्यच ठरते.

चौथे फाटकांचे पुस्तक. जवळच्या ग्रंथालयात नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जावे लागेल. आधी फोन करून प्रत आहे का, आणि बाहेरच्या वाचकाला बसून वाचू देतात का, हे विचारावे. नाही तर बसभाडे वाया जाते. तिथे लागणाऱ्या बारा पानांची झेरॉक्स स्वतःच्या अभ्यासासाठी काढणे रास्त वापरात बसते. दर पानाला दोन रुपये धरले, तर चोवीस रुपये. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी पुस्तकांतल्या निवडक भागांचे संच झेरॉक्स करायला मुभा असल्याचे मान्य केले. पण त्याचा अर्थ अख्खे पुस्तक झेरॉक्स करून, बांधून विकायला मोकळीक मिळाली असा नाही. ज्या पानावर प्रकाशन-तपशील असतो, त्याचीही झेरॉक्स किंवा फोटो जरूर घ्या. ती राहिली की आवृत्तीच्या सालासाठी पुन्हा तेवढाच प्रवास करावा लागतो.

पाचवा एक पीएच.डी. प्रबंध. शोधगंगावर तो विनाशुल्क वाचता आणि उतरवून घेता येतो. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. फुकट मिळते म्हणजे ते हक्कमुक्त आहे असे नाही. प्रबंध लिहिणारी व्यक्ती बहुधा हयात असते आणि संरक्षण पूर्ण असते. छोटा उतारा, नाव, विद्यापीठ, साल आणि पृष्ठ, एवढ्यावर काम भागते. प्रबंधात फाटकांचा उतारा सापडला आणि मूळ पुस्तक पाहिलेच नसेल, तर ‘फाटक, अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत’ असे प्रामाणिकपणे लिहायचे. प्रबंधातली पृष्ठांकाची चूक तुमच्या निबंधात आली, की मूळ पुस्तक न पाहता उल्लेख उचलला हे परीक्षकाला कळते.

या निबंधात परवानगीपोटी द्यायची रक्कम शून्य रुपये. प्रवास आणि झेरॉक्स एवढाच रोख खर्च.

छापायला गेल्यावर हिशेब बदलतो

हाच निबंध महाविद्यालयाच्या वार्षिकांकात गेला, तरी छोट्या अवतरणांना समीक्षेची मुभा राहते. खर्चाची शक्यता पुढच्या तीन वेळी येते : आधुनिक अर्थ किंवा लेख सलग, मोठ्या प्रमाणात पुन्हा छापायचा असेल, संरक्षित अनुवाद पुस्तकात किंवा स्मरणिकेत घ्यायचा असेल, आणि पोथीचे छायाचित्र वापरायचे असेल.

अशा परवानगीचा सरकारी दर नाही. प्रकाशक किंवा वारस ठरवतील ती रक्कम. काही जण सौजन्योल्लेख आणि अंकाची एक प्रत यांवर होकार देतात, काही मानधन मागतात, काही नकार देतात. नकार देण्याचा त्यांना हक्क आहे. पत्र आधी प्रकाशकाला पाठवावे. हक्क त्याच्याकडे नसतील, तर तो वारसांचा पत्ता सांगू शकतो. पत्र मोघम असले की उत्तर लांबते. त्यात पुस्तकाचे नाव, आवृत्ती व पृष्ठे, उताऱ्याचे पहिले आणि शेवटचे शब्द, तो कुठे छापला जाणार, किती प्रती आणि विक्री होणार की नाही, फक्त छापील की डिजिटलही, हे सगळे हवे. नमुना असा :

‘आपण प्रकाशित केलेल्या अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीतील पृ. १२ ते १४ वरील मजकूर आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात (प्रती ५००, विनामूल्य वाटप, फक्त छापील) लेखक व प्रकाशकाच्या नामोल्लेखासह छापण्याची परवानगी मिळावी. मानधन अपेक्षित असल्यास रक्कम कळवावी. अंक छपाईला जाण्याची तारीख अमुक आहे.’

छपाईच्या निदान दोन महिने आधी पत्र पाठवा आणि होकार लेखी घ्या. उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. वेळेत होकार आला नाही, तर उतारा लहान करा किंवा मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहा. जवळजवळ प्रत्येक वेळी हाच स्वस्त मार्ग असतो.

पोथीच्या छायाचित्राचा प्रश्न थोडा निराळा आहे. सतराव्या शतकातल्या मजकुरावर कॉपीराइट नाही. पण पोथी ज्या संस्थेच्या ताब्यात आहे, ती संस्था पाहण्यासाठी आणि छायाचित्रासाठी अट घालू शकते, शुल्कही आकारू शकते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरासारख्या हस्तलिखितांच्या संग्रहात जायचे असेल, तर तिथले नियम आधी पत्राने विचारून घ्यावेत.

कॉपीराइटची नोंदणी करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर सावध राहा. दुसऱ्याचा मजकूर वापरायला तुमच्या नोंदणीचा काहीही उपयोग नाही. तुमच्या स्वतःच्या निबंधालाही नोंदणीशिवाय संरक्षण मिळते. ज्याला हवीच असेल, त्याच्यासाठी साहित्यकृतीचे सरकारी शुल्क पाचशे रुपये आहे.

नाव न देण्याची किंमत

कॉपीराइटचा भंग आणि वाङ्मयचौर्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समर्थांच्या किंवा पांगारकरांच्या मजकुरावरून कोणी कॉपीराइटचा दावा लावणार नाही, पण नाव लपवले तर विद्यापीठ विचारते. बेलसऱ्यांचे नाव ठळक छापून त्यांचा अर्धा ग्रंथ उतरवला, तर ते वाङ्मयचौर्य नव्हे, पण कॉपीराइटचा भंग होतो. कायद्याच्या ६३ व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी भंग केला नसेल, तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. शिवाय ५७ व्या कलमाने लेखकाला आपले नाव लागण्याचा वेगळा हक्क आहे. हक्क प्रकाशकाला विकले, तरी तो त्याच्याकडे राहतो.

प्रबंधाच्या पातळीवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू होतात. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. चाळीस ते साठपर्यंत असेल, तर एक वर्ष प्रत सादर करता येत नाही. साठच्या पुढे गेले, तर नोंदणी रद्द होते. नीट श्रेय दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असतात. म्हणून ओव्या परिच्छेदाच्या पोटात मिसळू नका. वेगळ्या ओळीवर, आत सरकवून आणि क्रमांकासह द्या. मिसळलेल्या ओव्यांना तपासणीचे सॉफ्टवेअर साम्य म्हणून धरू शकते आणि मग प्रत्येक ओवीचा खुलासा करत बसावे लागते. महाविद्यालयीन निबंधाला हे टक्के थेट लागू होत नाहीत. तिथे विभागाचा जो नियम असेल तो पाळायचा.

संदर्भ कसा लिहावा?

जुन्या ग्रंथाला पृष्ठांकापेक्षा ग्रंथाची स्वतःची विभागणी महत्त्वाची. दासबोधात वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास आहेत. ‘दासबोध १९.१’ असे लिहून पुढे ओवीचा क्रमांक दिला, की वाचकाच्या हाती कोणतीही आवृत्ती असली तरी त्याला जागा सापडते. पहिल्या उल्लेखात आवृत्ती सांगा : ‘दासबोध, संपा. शं. श्री. देव, धुळे, १९०५’. पुढे सर्व ओव्या याच आवृत्तीतून घेतल्या आहेत, अशी एक ओळ लिहिली की काम झाले. अर्धा निबंध एका आवृत्तीवरून आणि अर्धा दुसरीवरून लिहू नका, कारण पाठ जुळत नाहीत.

आधुनिक भाष्याचा संदर्भ देताना लेखक, पुस्तक, प्रकाशक, वापरलेल्या आवृत्तीचे साल आणि पृष्ठांक द्या. सार्थ आवृत्तीतून ओवी आणि अर्थ दोन्ही घेतले, तर उल्लेखही दोन करा. ओवी समर्थांची, अर्थ बेलसऱ्यांचा. ‘दासबोधात म्हटले आहे’ असे लिहून पुढे बेलसऱ्यांचे वाक्य देणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. त्यात समर्थांच्या तोंडी विसाव्या शतकातले शब्द जातात आणि बेलसऱ्यांचे श्रेयही जाते. ती ओळखायला सोपी आहे : अवतरणातल्या वाक्याची भाषा आजची वाटली, तर ते वाक्य मूळ ग्रंथातले नाही.

थोडक्यात, मूळ संहिता जुन्या, खुल्या झालेल्या आवृत्तीतून घ्यावी आणि अर्थ आपल्या शब्दांत लिहावा. संरक्षित भाष्यातले तेवढेच वाक्य घ्यावे, ज्यावर आपल्याला काही बोलायचे आहे. असा निबंध लिहिणाऱ्याला परवानगीसाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. ज्याला सलग तीन पाने दुसऱ्याच्या शब्दांत छापायची आहेत, त्याने छपाईची तारीख ठरवण्याआधी प्रकाशकाला पत्र टाकावे.